तीन कामं एकदम आली, तेव्हा आधी काय केलंस?

“मॅडम, मुलाखतीत हमखास विचारतात, सगळीच कामं तातडीची असली तर कसं ठरवता? मी सांगते की मी सगळं वेळेत करते, पण समोरच्यांना ते पटत नाही.”

ही मुलगी बी.कॉम. करून एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करत होती. मी तिला म्हटलं, “एक खराखुरा दिवस सांग, वेळेसकट.” तिनं महिन्याची अकरा तारीख सांगितली.

एका व्यापाऱ्याचं मासिक जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, त्याच रात्रीपर्यंत भरायचं होतं. दुसरा अशील कर्जाची कागदपत्रं हवीत म्हणून समोर येऊन बसला होता. तिसऱ्याला खात्याची नोटीस आली होती आणि उत्तराला चार दिवस उरले होते. ऑफिसात सगळ्यांना धास्ती नोटिशीची, आवाज मोठा कर्जवाल्याचा.

तिनं पहिलं मानलं ते रिटर्नला. ते अकराच्या पुढे गेलं असतं, तर कायद्यानं विलंब शुल्क लागू झालं असतं. पण खरं नुकसान वेगळं होतं. चौदा तारखेला खरेदीदारांचं २बी, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या क्रेडिटचं विवरण, तयार होतं, त्यात या व्यापाऱ्याची बिलं आली नसती. त्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, पुढच्या महिन्यावर गेलं असतं आणि त्यांनी याचे पैसे अडवले असते. बारा तारखेला कितीही धावपळ केली तरी ते सुधारता येत नाही.

तरी रिटर्नला बसण्याआधी तिनं दोन फोन केले. बँकेत विचारलं, आज नेमकं काय हवंय? मागची रिटर्न्स पुरेशी होती, ती लगेच पाठवली. ताळेबंद दुसऱ्या दिवशी चालणार होता. नोटीसवाल्याला बँक स्टेटमेंट आणि बिलं काढायला सांगितलं. मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं. जे काम दुसऱ्याकडून कागद आल्याशिवाय हलत नाही, ते पूर्ण व्हायचं शेवटी असलं तरी मागणी आधी लावावी लागते. मग दुपारच्या आतच ती रिटर्नला बसली, कारण शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रेंगाळतं.

यातलं काहीच ती मुलाखतीत बोलत नव्हती. मी तिला कामांची नावं मोजण्यापेक्षा कारण सांगायला सांगितलं: काय चुकलं तर परत फिरवता येत नाही, माझ्यामुळे कोण अडकतं, आणि थांबलेल्याला मी काय कळवलं. हा क्रम तिनं ऑफिसातल्या सरांना आधी दाखवला होता, तेही सांगायला लावलं. दोन अशिलांमध्ये कोणाला थांबवायचं हा निर्णय एकट्या कनिष्ठानं घ्यायचा नसतो. आपला क्रम मांडून होकार घ्यायचा.

सराव करताना मी मुद्दाम खोदून विचारलं, “मग मागे काय राहिलं?” ती जराशी थबकली आणि म्हणाली, “ताळेबंद. तो मी बारा तारखेला दिला, आणि तसं अशिलाला अकरालाच सांगितलं होतं.” हे वाक्य मी तिला जसंच्या तसं ठेवायला सांगितलं.