स्टॉकमधली जुनी चूक आणि बदललेली मूल्यांकन पद्धत: मागच्या वर्षीचे आकडे कसे बदलायचे

प्रश्न: मागच्या दोन वर्षांच्या क्लोजिंग स्टॉकमध्ये काही माल दोनदा मोजला गेल्याचं आत्ता लक्षात आलं. शिवाय याच वर्षी आम्ही फिफो सोडून भारित सरासरी पद्धत धरतोय. सगळा फरक यंदाच्या नफ्यातोट्यात टाकला तर चालेल का? तुलनात्मक आकड्यांचं काय करायचं?

उत्तर:

फरक लक्षणीय असेल तर चालणार नाही. आयएएस ८ प्रमाणे चूक आणि धोरणबदल हे दोन्ही पूर्वलक्षी पद्धतीने घ्यायचे असतात. म्हणजे मागच्या वर्षीचे आकडे असे मांडायचे, की ती चूक झालीच नव्हती आणि भारित सरासरी पहिल्यापासूनच चालू होती. त्याही मागच्या वर्षांचा परिणाम ताळेबंदातल्या सुरुवातीच्या शिलकांत जातो. यंदाच्या नफ्यावर यंदाचंच ओझं पडायला हवं.

पण आकड्यांना हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा: ही खरंच चूक आहे का? जुने हिशेब मंजूर झाले तेव्हा जी माहिती हाताशी होती, किंवा वाजवी प्रयत्नाने मिळाली असती, ती वापरली गेली नसेल तर ती चूक. तुमच्याकडे बहुधा एका गोदामातून दुसऱ्या गोदामात निघालेला माल दोन्ही ठिकाणच्या मोजणीत आला असणार. पाठवणीची चलनं तेव्हाही फाइलमध्येच होती. ही सरळ चूक आहे. याउलट, मागच्या वर्षी अमुक किमतीला विकला जाईल असं धरलेला माल यंदा भाव पडल्यामुळे कमी किमतीत गेला, तर ती चूक नव्हे. तो अंदाजातला बदल आहे, तो यंदाच्याच हिशेबात येतो आणि जुने आकडे तसेच राहतात. ऑडिटरशी वाद होतो तो बहुतेक याच रेषेवर, म्हणून कागद आधी गोळा करून ठेवा.

धोरणबदलालाही अट आहे. एखाद्या मानकाने सांगितलेलं नसताना स्वेच्छेने पद्धत बदलायची, तर नव्या पद्धतीने मिळणारी माहिती विश्वासार्ह आणि वाचणाऱ्याला अधिक उपयोगी असायला हवी, आणि ती का, हे टिपेत लिहावं लागतं. ‘सॉफ्टवेअर बदललं’ हे कारण पुरत नाही. माल एकमेकांत मिसळतो, कुठला नग कुठल्या खरेदीचा हे सांगताच येत नाही, म्हणून सरासरी वास्तवाला जवळची आहे, अशा प्रकारचं कारण द्यावं लागतं.

आता एक उदाहरण सोडवू. आकडे हजारांत आहेत, वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, चालू वर्ष २०२५. छापलेल्या हिशेबात फिफोने स्टॉक होता २०२३ अखेर ८०० आणि २०२४ अखेर १,०००. दोनदा मोजलेला माल २०२३ अखेर ४० चा आणि २०२४ अखेर ६० चा. कर २५ टक्के धरू, आणि कमी झालेल्या नफ्यावरचा कर परत मिळण्याजोगा आहे असं मानू. तुमच्याकडे ते करकायद्यावर ठरेल, ते वेगळं तपासून घ्या.

आधी चूक सुधारायची, तीही जुन्या पद्धतीतच, म्हणजे फिफोने. स्टॉक होतो ७६० आणि ९४०. मग सुधारलेल्या नगांवर भारित सरासरी लावायची. समजा त्याने स्टॉक आला ७३६ आणि ९००. म्हणजे २०२४ अखेर एकूण १०० ची घट झाली, त्यात ६० चुकीमुळे आणि ४० धोरणबदलामुळे. २०२३ अखेर घट ६४ ची, त्यात ४० चुकीचे आणि २४ धोरणाचे.

हा क्रम का पाळायचा? उलटं केलंत, दोनदा मोजलेल्या मालावरच सरासरी लावलीत, तर एकूण घट १०० च येईल, पण धोरणाचा हिस्सा ४० ऐवजी सुमारे ४३ दिसेल आणि चुकीचा हिस्सा तेवढाच कमी होईल. आयएएस १ ला इक्विटीतील बदलांच्या पत्रकात हे दोन परिणाम वेगवेगळे हवे असतात, त्यामुळे विभागणी बरोबर असणं हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीनेही त्यांचा अर्थ वेगळा आहे. धोरण व्यवस्थापनाने निवडलेलं असतं, चूक मात्र नियंत्रणात कुठेतरी भोक होतं हे सांगते. चूक धोरणबदलाच्या पोटात लपवण्याचा मोह अशा वर्षी फार होतो, आणि तो टाळलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

२०२४ च्या नफ्यावर काय परिणाम होतो ते पाहू. इथे पुष्कळ जण चुकतात, कारण ते फक्त क्लोजिंग स्टॉक बघतात आणि नफ्यातून सरळ १०० वजा करतात. पण २०२४ चा ओपनिंग स्टॉकसुद्धा ६४ ने कमी झालाय. ओपनिंग कमी झाला की विकलेल्या मालाची किंमत ६४ ने उतरते, क्लोजिंग कमी झाला की १०० ने चढते. निव्वळ वाढ ३६ ची, त्यातले २० चुकीचे, १६ धोरणाचे. समजा छापलेल्या पत्रकात विक्री ५,०००, विकलेल्या मालाची किंमत ३,८००, इतर खर्च ८००, करपूर्व नफा ४००, कर १०० आणि निव्वळ नफा ३०० होता. नव्या मांडणीत मालाची किंमत ३,८३६, करपूर्व नफा ३६४, कर ९१ आणि निव्वळ नफा २७३. समभाग १ लाख असतील तर प्रति समभाग उत्पन्न ३.०० वरून २.७३ वर येतं. सूचीबद्ध कंपनीने तेही बदलायचं.

उरलेला भाग २०२४ च्या आधीचा. तो १ जानेवारी २०२४ च्या राखीव नफ्यात जातो. ६४ वजा २५ टक्के कर, म्हणजे ४८. इक्विटीतील बदलांच्या पत्रकात तो असा दिसेल:

राखीव नफा, १ जानेवारी २०२४, पूर्वी दाखवल्याप्रमाणे: १,२००
चूक दुरुस्ती, करानंतर: (३०)
धोरणबदल, करानंतर: (१८)
पुनर्मांडणीनंतरची शिल्लक: १,१५२
२०२४ चा पुनर्मांडणी केलेला नफा: २७३
३१ डिसेंबर २०२४ ची शिल्लक: १,४२५

पूर्वी ही शेवटची शिल्लक १,५०० होती. फरक ७५ चा, आणि २०२४ अखेरची स्टॉकमधली १०० ची घट वजा २५ कर म्हणजेही ७५ च. हे दोन आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी ओपनिंगचा परिणाम सुटलाय किंवा दोनदा घेतलाय.

दुसरी पडताळणी रोख प्रवाह पत्रकाची, आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. अप्रत्यक्ष पद्धतीत जुन्या हिशेबात करपूर्व नफा ४०० मधून स्टॉकमधली वाढ २०० वजा होऊन २०० उरत होते. आता नफा ३६४, स्टॉक ७३६ वरून ९०० झाला म्हणजे वाढ १६४, आणि उरतात तेच २००. माल दोनदा मोजल्याने किंवा पद्धत बदलल्याने बँकेतला एक पैसाही हललेला नाही, त्यामुळे कामकाजातून आलेली रोख बदलता कामा नये. ती बदललेली दिसली तर पुढे जाऊ नका, तिथेच थांबून आकडे शोधा.

आता वह्यांचं. २०२४ चं बंद झालेलं वर्ष सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उघडून जुन्या नोंदी बदलू नका. ज्या वह्यांवर ऑडिट झालं त्यांचा मागच उरणार नाही. १ जानेवारी २०२५ ला एकच एन्ट्री टाका: राखीव नफा नावे ७५, कर येणे नावे २५, स्टॉक जमा १००. तुलनात्मक पत्रकांची पुनर्मांडणी वेगळ्या कार्यपत्रकावर होते आणि ती फाइलला लावायची. अनेक ठिकाणी छापील पत्रकं छान दुरुस्त होतात, पण ही एन्ट्री मारायची राहते. मग २०२५ ची विकलेल्या मालाच्या किमतीची गणना १,००० च्या ओपनिंगवरच चालते आणि यंदाचा करपूर्व नफा गुपचूप १०० ने कमी होतो. म्हणजे जे टाळायचं होतं तेच घडतं. म्हणून खतावणीतला ओपनिंग स्टॉक ९०० आहे का, हे स्वतः डोळ्यांनी बघा.

कोणी म्हणेल, क्लोजिंग स्टॉकची चूक पुढच्या वर्षी आपोआप भरून निघते, मग एवढा खटाटोप कशाला? दोन वर्षांची बेरीज खरंच जुळते. पण एका वर्षाचा नफा फुगलेला आणि दुसऱ्याचा खचलेला राहतो, आणि वाचणारा नेमकी त्या दोन वर्षांचीच तुलना करत असतो.

सुरुवातीच्या शिलकांवरचा परिणाम लक्षणीय असेल तर ताळेबंद दोन नाही, तीन तारखांचे द्यावे लागतात: २०२५ अखेर, २०२४ अखेर आणि १ जानेवारी २०२४. तिसऱ्या ताळेबंदाच्या सगळ्या टिपा देण्याची गरज नसते, पण बदलांविषयीची टिप लागतेच.

अडचण येते ती जुन्या खरेदीच्या नोंदींची. भारित सरासरीसाठी मागच्या खरेद्यांचे नग आणि दर लागतात. सगळे प्रयत्न करूनही ते मिळत नसतील तरच ‘अव्यवहार्य’ म्हणता येतं, आणि मग जिथपासून करता येईल तिथपासून नवी पद्धत लावायची. काम किचकट आहे किंवा वेळ नाही, ही अव्यवहार्यता नव्हे. आणि जुने आकडे काढताना आज कळलेली गोष्ट तेव्हा ठाऊक होती असं धरू नका. २०२३ अखेरच्या मालाची विक्रीयोग्य किंमत तपासायची तर तेव्हाच्या परिस्थितीनेच.

टिपेत चुकीसाठी आणि धोरणासाठी दोन वेगळे परिच्छेद करा. पहिल्यात चूक काय होती आणि प्रत्येक ओळीवर किती परिणाम झाला ते लिहा. दुसऱ्यात बदलाचं कारण आणि त्याचा ओळवार परिणाम, यंदाच्या वर्षावरचासुद्धा. म्हणून २०२५ चा स्टॉक यंदा फिफोनेही एकदा काढून ठेवावा लागेल, हे आत्ताच ठरवा. वर्ष बंद झाल्यावर तो आकडा मिळवणं फार जड जातं. तुलनात्मक स्तंभांच्या डोक्यावर ‘पुनर्मांडणी केलेले’ असं लिहा. २०२६ च्या हिशेबात या टिपा पुन्हा द्याव्या लागत नाहीत.