तेच वाक्य, तीन जागा

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या कैफियतीचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. भाषा चांगली आहे, पण चौथ्या परिच्छेदात तू सगळं एकाच टोपलीत भरलंस. पक्षकार असं बोललाच नाही; बोलला असेल तर ते खरं आहे; खरं नसेल तर ते त्याचं मत आहे; आणि मत नसेल तर तो विशेषाधिकार आहे. पर्यायी बचाव घ्यायला कायद्याची मनाई नाही. पण न्यायाधीश हे वाचतो तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो की या माणसाला स्वतःलाच माहीत नाही आपण काय केलं ते. अब्रुनुकसानीच्या दाव्यात असं वाटू देणं महागात पडतं.

तू पाठवलेल्या कागदांवरून मला कळलं ते असं. तुझ्या पक्षकाराने चार एकरांसाठी सोयाबीनच्या तीस किलोच्या चार पिशव्या घेतल्या. २०२३ ला पाऊस उशिरा आला, पेरणी जुलैत झाली, उगवण निम्मीसुद्धा झाली नाही. १२ जुलैला बाजाराच्या दिवशी तो दुकानासमोर दहा माणसांत म्हणाला, ‘यानं बोगस बियाणं देऊन मला बुडवलं.’ १६ जुलैला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. १८ जुलैला तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली. दुकानदाराने तिन्ही प्रसंगांवर मिळून पाच लाखांचा दावा केला आणि तो दाखल केला १५ जुलै २०२४ ला.

आता तू हा एक दावा समजू नकोस. हे तीन दावे आहेत आणि तिघांचं उत्तर वेगळं आहे.

आधी तारखा बघ, तू त्या बघितल्याच नाहीस. बदनामीच्या दाव्याला मुदत कायद्याने एकच वर्ष दिलंय. लेखी बदनामी असेल तर ती प्रसिद्ध झाली त्या दिवसापासून, तोंडी असेल तर शब्द उच्चारले त्या दिवसापासून. बाजारातल्या बोलण्याची मुदत १२ जुलै २०२४ ला, शुक्रवारी संपली. दावा सोमवारी आला. बोलण्यामुळे एखादं विशिष्ट नुकसान पुढे झालं असेल तर मुदत त्या नुकसानीपासून मोजता येते, पण वादपत्रात तसं एक अक्षर नाही. ग्रुपवरचा मजकूर मात्र एका दिवसाने मुदतीत बसतो. आपण हरकत घेतली नाही तरी मुदतीचा प्रश्न कोर्टाला बघावाच लागतो, पण म्हणून तो कोर्टावर सोडायचा नसतो.

तोंडी आणि लेखी, म्हणजे स्लँडर आणि लायबल, या फरकावर तू दीड पान घातलंस. ते काढ. इंग्लंडात तोंडी बदनामीला सहसा प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं, त्याला काही अपवाद आहेत, आणि धंद्यावरचा आरोप हा त्यातलाच एक. म्हणजे तो नियम इथे जसाच्या तसा लावला तरी बियाणं विकणाऱ्याला ‘बोगस बियाणं दिलं’ म्हणणं अपवादातच पडतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच न्यायालयांनी १८८४ च्या मद्रासच्या निकालापासून हा भेद मानलेलाच नाही. त्या दीड पानाऐवजी एक गोष्ट धर. तोंडी बदनामीत नेमके शब्द वादपत्रात असावे लागतात, बोलले त्या भाषेत. दुकानदाराच्या वकिलाने लिहिलंय, ‘वादीस अपमानास्पद बोलून त्याची बदनामी केली.’ हे शब्द नाहीत, हा निष्कर्ष आहे. ‘बुडवलं’, ‘फसवलं’, ‘बोगस’, ‘खराब’ यांतलं काय बोललं, यावर सगळा अर्थ फिरतो. हा मुद्दा उलटतपासात साक्षीदारांपुढे काढ. दहा जणांतले तिघे आले तर तिघे तीन वाक्यं सांगतील.

माझे सीनिअर निजामी राजवटीत उर्दूत वकिली शिकलेले. ‘प्रसिद्धी’, म्हणजे बदनामीचा मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचवणं, हे शिकवताना ते एक गोष्ट हमखास सांगत. पाटणा उच्च न्यायालयात १९५८ ला निकाल झाला. एकाने दुसऱ्याला उर्दूत बदनामीकारक पत्र पाठवलं. ज्याला आलं त्याला उर्दू येत नव्हतं, त्याने ते तिसऱ्याकडून वाचून घेतलं आणि दावा ठोकला. कोर्ट म्हणालं, समोरच्याला उर्दू येत नाही हे पाठवणाऱ्याला माहीत होतं, असं दाखवल्याशिवाय ही प्रसिद्धी नाही. आपल्या भागातल्या किती तरी घरांत आजोबांना उर्दू आणि नातवाला फक्त मराठी, म्हणून ही गोष्ट इथे चटकन समजते. तुझ्या दाव्यात प्रसिद्धीचा वाद नाही. ग्रुपवर दोनशे माणसं आहेत, त्यांतली निम्मी पुण्याला. फक्त स्क्रीनशॉटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का ते पहा. जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं.

आता तो मजकूर. मी तो चार तुकड्यांत तोडून लिहितो, तूही कैफियतीत तसाच तोड.

‘चार एकर पेरलं, निम्मंसुद्धा उगवलं नाही. फोन केला तर उचलत नाही. हा माणूस दरसाल बोगस माल खपवून शेतकऱ्याला फसवतो. असल्याकडून बियाणं घेणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं.’

पहिली दोन वाक्यं वस्तुस्थिती आहेत आणि ती सिद्ध होतील. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीचा पंचनामा आहे, फोनची नोंद आहे. इथे सत्याचा बचाव घे. आणि ‘सत्य व लोकहितासाठी’ असं जे तू लिहिलंस त्यातलं ‘लोकहितासाठी’ खोड. ते फौजदारी कायद्यातून आलंय, आधीच्या ४९९ मधून, जे आता न्याय संहितेच्या ३५६ मध्ये आहे. तिथे सत्याला लोकहिताची जोड लागते. दिवाणीत नुसतं सत्य पुरतं. जे सिद्ध करायची गरजच नाही ते ओझं आपण होऊन का उचलायचं?

तिसऱ्या वाक्यावर मात्र सत्याचा बचाव अजिबात घेऊ नकोस. वाक्य खोटं मानूनच कोर्ट सुरुवात करतं, खरं असल्याचं सिद्ध करायचं ते आपण. आणि सिद्ध करायचं ते वाक्याच्या डंखाला पुरेल एवढं. ‘फसवतो’ म्हणजे त्याला ठाऊक होतं. ‘दरसाल’ म्हणजे एकदा नव्हे. तुझ्याकडे आहे काय? एका हंगामाचा, एका शेताचा पंचनामा. बियाणं न उगवण्याला दहा कारणं असतात. सोयाबीनचं टरफल नाजूक, पिशव्या आदळल्या तरी उगवण पडते. पाच सेंटिमीटरहून खोल गेलं तर कोंब वर येत नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पावसाआधी पेरलं तरी तेच. आणि वादीने शेजारच्या शेतकऱ्याला साक्षीला ठेवलंय, ज्याचं त्याच लॉटचं बियाणं नीट उगवलं. उगवलं नाही म्हणजे बोगस, आणि बोगस म्हणजे दुकानदाराला माहीत होतं, या दोन उड्या आहेत. तुझ्याकडे एकीसाठीही पाय ठेवायला दगड नाही.

वकिलीच्या सातव्या वर्षी मी ही चूक केली होती. पक्षकार शपथेवर सांगत होता, सगळं खरं आहे, आणि मी सत्याचा बचाव घेतला. सिद्ध काही झालं नाही. निकालपत्रात आलं की प्रतिवादीने खोटा आरोप कोर्टातही रेटला, आणि भरपाई त्यामुळे वाढली. पक्षकाराचा विश्वास हा पुरावा नसतो, हे मला त्याच्या पैशाने कळलं.

चौथं वाक्य रास्त टीकेत बसतं. बियाण्याची विक्री हा गावाच्या हिताचा विषय आहे, ‘पैसे नाल्यात टाकणं’ हे उघड मत आहे, आणि ते ज्या गोष्टींवर उभं आहे त्या पहिल्या दोन वाक्यांत वाचणाऱ्यासमोर मांडलेल्या आहेत. मत कडक असेल, पण खऱ्या गोष्टींवरून प्रामाणिक माणसाला तसं वाटू शकतं. तू मात्र तिसरं वाक्यही ‘प्रतिवादीचे मत’ म्हणून यात ढकललंस. वाक्याआधी ‘माझ्या मते’ लावलं म्हणून आरोपाचं मत होत नाही.

राहिली कृषी अधिकाऱ्याकडची तक्रार. तिच्यात तेच ‘फसवतो’ आहे, तरी इथे विशेषाधिकाराच्या बचावावर तू सर्वांत भक्कम आहेस. १९३० चा इंग्लंडातला निकाल, वॉट विरुद्ध लाँग्सडन, वाच. एका कंपनीच्या संचालकाकडे परदेशातल्या व्यवस्थापकाच्या वागणुकीबद्दल पत्र आलं. त्याने ते अध्यक्षांना दाखवलं आणि त्या व्यवस्थापकाच्या बायकोलाही दाखवलं. मजकूर तोच, खोटा. अध्यक्षांना दाखवणं संरक्षित ठरलं, कारण सांगणाऱ्याचं ते कर्तव्य होतं आणि ऐकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध होता. बायकोला दाखवणं ठरलं नाही. तुझा अधिकारी म्हणजे तो अध्यक्ष. बियाण्याची तक्रार घेणं हेच त्याचं काम. ग्रुपवरचा पुण्याचा दूरचा भाचा म्हणजे ती बायको.

पण हा विशेषाधिकार मर्यादित आहे. विधानसभेत किंवा कोर्टात बोललेल्याला असतो तसा पूर्ण नाही. कुहेतू दाखवला की तो गळून पडतो. आणि वादपत्राच्या सातव्या परिच्छेदात वादीने हळूच लिहिलंय की तुझ्या पक्षकाराकडे मागच्या वर्षीची अडतीस हजारांची उधारी आहे. तू त्याला ‘नाकबूल’ एवढंच उत्तर दिलंस. वादी तिथूनच घुसणार, की उधारी बुडवायला तक्रार केली. उधारी खरी असेल तर कबूल कर. कायदा माणसाकडून निर्मळ मनाची अपेक्षा ठेवत नाही. लिहिताना तो ते खरं मानत होता आणि चौकशी व्हावी यासाठीच त्याने लिहिलं, एवढं पुरतं, मनात राग असला तरी. उलट खरी उधारी नाकारली आणि वही समोर आली, तर कुहेतूचा अर्धा पुरावा तूच दिला असं होईल.

म्हणजे अंगावर उरतं ते ग्रुपवरचं एक वाक्य. त्याच्यापुरतं त्याच ग्रुपवर स्पष्टीकरण टाकायला पक्षकाराला तयार कर, ‘दरसाल’ आणि ‘फसवतो’ हे शब्द मागे घेत असल्याचं. उगवलं नाही हे मागे घ्यायचं नाही. मजकूर मला आधी दाखव. तो ऐकणार नाही, आमचा शेतकरी माफीला हारच समजतो. त्याला पाच लाखांचा आकडा पुन्हा वाचून दाखव. भरपाई ठरवताना हे जमेस धरलं जातं, आणि तडजोडीचं दारही तिथूनच उघडतं.

कैफियतीचे तीस दिवस समन्स बजावल्यापासून मोज. कोर्ट नव्वदपर्यंत वाढवून देतं, पण त्या भरवशावर राहू नकोस.

आणि पक्षकाराला विचार, पिशव्या कुठे आहेत. टॅग पिशवीच्या शिवणीत असतो. निळा असेल तर प्रमाणित बियाणं, हिरवट असेल तर ‘ट्रुथफुल’, म्हणजे कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेलं. लॉट नंबर त्याच्यावरच असतो. तो म्हणेल फेकून दिल्या. फेकत नाहीत. गोठ्यात किंवा पत्र्याच्या फटीत कोंबलेल्या असतात, स्वतः जाऊन बघ. शिल्लक मूठभर बियाणं निघालं तर उगीच आनंदू नकोस. घरात वर्षभर पडलेल्या, उघड्या पिशवीतल्या बियाण्याची उगवण आज ठरलेल्या किमान सत्तर टक्क्यांच्या खाली आली तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. टॅग मात्र जपून आण. शेजाऱ्याचा लॉट खरंच तोच होता का, ते त्याच्यावरूनच कळेल.

परभणीला येशील तेव्हा मूळ वादपत्र घेऊन ये, झेरॉक्स नको. त्यातल्या सातव्या परिच्छेदाची शाई मला वेगळी वाटते.

तुझा,
काका