सांत्वनपत्रात डॉक्टरनी काय लिहावं

प्रश्न: आयसीयूतला पेशंट गेला, मीच ट्रीटिंग डॉक्टर होतो. घरच्यांना पत्र लिहावंसं वाटतंय पण काय लिहू? आणि ते उद्या माझ्याविरुद्ध वापरलं गेलं तर?

लिहा, हातानं लिहा, एक पानसुद्धा नको. मी इंदूरला फिजिशियन आहे. माझं पहिलं पत्र चुकलं ते पाकिटावरच, फाईलमध्ये नातेवाईक म्हणून ‘सौ.’ होतं ते तसंच उतरवलं आणि नवरा जाऊन दहा दिवस झालेल्या बाईच्या हातात ते पडलं. आता ‘श्रीमती’ स्वतः तपासतो. पत्र तेराव्यानंतर पोचेल असं टाकतो, तोवर घर माणसांनी भरलेलं असतं, खरं रिकामं नंतर होतं. हॉस्पिटलचं बिल त्याच पाकिटात जाऊ देऊ नका.

एक उदाहरण देतो. सीओपीडीचे एक काका, हुकुमचंद मिलमधले जुने कामगार, न्यूमोनिया झाला, अकरा दिवसांनी गेले. मी लिहिलं, “काकू, काका गेले याचं मला फार वाईट वाटतंय. व्हेंटिलेटर लागायच्या आधी मॉनिटर वाजला की ते म्हणायचे, सिस्टर, भोंगा झाला, तुमची पाळी सुटली. तुम्ही रोज त्यांच्या ओठांना तूप लावत होतात ते मी बघत होतो. मनात काही प्रश्न असला तर फोन करा, फाईल घेऊन बसू.” खाली माझा नंबर. बस एवढंच.

यात अँटिबायोटिकचं नाव नाही, ‘आम्ही शक्य ते सगळं केलं’ नाही (घरच्यांना ते सफाई दिल्यासारखं वाटतं), ‘सुटले बिचारे’ तर अजिबातच नाही, ते त्यांनी म्हणायचं, आपण नाही. कोर्टाची भीती असेल तर उपचाराची चर्चा पत्रात नकोच. पण खरंच चूक झाली असेल तर ती समोर बसून सांगायची, तिच्या जागी पत्र पाठवायचं नाही, आणि तक्रार आधीच आली असेल तर हॉस्पिटलशी बोलल्याशिवाय काही लिहू नका.

अजून एक, 2017 मध्ये फ्रान्समधल्या 22 आयसीयूंचा अभ्यास छापून आला, त्यात अशा पत्रानं नातेवाइकांचं दुःख कमी झालं नाही, उलट सहा महिन्यांनी डिप्रेशनची लक्षणं पत्र मिळालेल्यांत जास्त दिसली. मला वाटतं नुसतं पत्र जखम उघडतं आणि पुढे कोणी भेटत नाही, म्हणून तो फोन नंबर मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, आणि फोन आला की उचलायचा.

काकूंचा आला, दीड महिन्यानं. सुनेबरोबर आल्या आणि एकच विचारलं, त्या रात्री मी घरी झोपायला गेले, थांबले असते तर वाचले असते का हो? मी फाईल उघडून बीपीचा चार्ट दाखवला, पहाटे चारला बीपी पडायला लागलं, सिस्टर तेव्हा बेडजवळच होती, औषध लगेच वाढवलं तरी ते वर आलं नाही. काकू कितीतरी वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत बसल्या होत्या.