इन्सुलिनच्या पत्रकात आधी बाटली आणि सिरिंज

पत्रकाची सुरुवात ‘इन्सुलिन म्हणजे काय’ यावरून करू नकोस. खानापूर-निपाणीकडचा पेशंट घरी गेल्यावर अडतो तो बाटली आणि सिरिंज हातात घेतल्यावर. म्हणून पहिलं वाक्य हे लिही: ‘बाटलीवर ४० असेल तर सिरिंजवरही ४० हवं.’

४० च्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात; तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० ची केशरी टोपणाची. आता बघ, डोस २० युनिटचा आहे. बाटली ४० ची, पण दुकानातून १०० ची सिरिंज आली आणि २० च्या खुणेपर्यंत भरली, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरतच नाही आणि सगळे पथ्याला दोष देतात. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं, तर २० ऐवजी ५० युनिट जातात. घाम, थरथर, शेवटी शुद्ध हरपते. हे मोठ्या अक्षरात लिही.

‘वीस रेघा भरा’ असं मात्र लिहू नकोस. १ मिलीच्या १०० च्या सिरिंजवर बहुधा एक रेघ २ युनिटची असते. ‘२० या आकड्यापर्यंत’ असं लिही.

इंजेक्शन देणारी सून कदाचित कानडी शाळेत शिकलेली असेल. तिच्यासाठी लाल टोपणाचं चित्र काढ, डोसच्या खुणेवर बाण दाखव. पत्रक देताना तिच्याकडूनच सिरिंज भरून घे.