पूर शूट करायचा, बनवायचा की गाळायचा?

*मॅडम, आम्ही सांगलीचे. मुलगा बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला फिल्म कॉलेजला जायचंय. 2019 च्या पुरात आजीने घर सोडायला नकार दिला त्यावर 8 मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. मी 12 हजार देणार, एकदाच. मी म्हणतो एआय सगळं करतंय तर कॅमेरा, लाईट कशाला? पूर्ण एआयमध्येच कर. तो ऐकत नाही, 41 शॉट लिहून बसलाय. फिल्म जमली नाही तर बँकेच्या परीक्षा, असं ठरलंय. बरोबर ना?*

"असं ठरलंय" म्हणजे कोणी ठरवलं हो? अख्ख्या पत्रात मुलाचं स्वतःचं एक वाक्य नाही. पहिली फिल्म जवळपास सगळ्यांचीच फसते, आणि 12 हजारांच्या फिल्मवर पुढचं आयुष्य टांगून ठेवलं की पोरगा घाबरून एकही शॉट गाळत नाही, सगळंच दाखवायला बघतो. मला तर ते 41 शॉट तिथूनच आलेले दिसतायत. बँकेच्या पीओ परीक्षेला 30 वर्षांपर्यंत बसता येतं, ती कुठे पळून जात नाही. आणि पुण्याच्या एफटीआयआयला दिग्दर्शनासाठी आधी पदवी, मग प्रवेश परीक्षा, नुसती फिल्म दाखवून कोणी आत घेत नाही. तेव्हा ती अट आधी काढा.

आता एआय. ते फुकट नाही, दादा. एका वेळी साधारण 5-10 सेकंदांची क्लिप मिळते आणि पैसे प्रत्येक प्रयत्नाचे कापले जातात, चांगल्या क्लिपचे नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला म्हातारीचा एक साधा शॉट मिळायला बावीस प्रयत्न लागले, तरी पुढच्या शॉटमध्ये नाकातली नथ बदलली होती. फोटो देऊन चेहरा बराचसा टिकवता येतो, पण तुमच्या फिल्मचा सगळा जीवच आजीच्या गप्प बसण्यात आहे आणि ते गप्प बसणं तिथं मिळत नाही, डोळे जरा जास्तच बोलायला लागतात. म्हणून आजी जिथे जिथे आहे ते सगळं खरं शूट. तीन-चार पोरांची टीम एका दिवसात पंधराएक शॉट नीट काढते, 12 हजारांत जेवण, रिक्षा, भाड्याचा माईक आणि एक लाईट धरून फार तर दीड दिवस निघेल. म्हणजे बावीस-तेवीस शॉट, बाकीच्यांचा विचार वेगळा करायचा.

बोटीतून सुटका, एनडीआरएफचे जवान, बुडालेली म्हैस हे सरळ गाळा. रात्री अंधाऱ्या खोलीत आजी बसलीय, बाहेर बोटीच्या इंजिनचा आवाज जवळ येतो, भिंतीवरून टॉर्चचा उजेड सरकतो, आवाज लांब जातो. एक टॉर्च आणि एक पोरगा एवढाच खर्च, आणि बोट दाखवली असती त्यापेक्षा हे जास्त लागेल.

एआयने करायचा तो एकच शॉट, गल्लीत पाणी भरलंय तो, तीन-चार सेकंद, माणूस नाही. नुसतं वर्णन लिहून करू नका, कुठल्यातरी भलत्याच गावाची गल्ली येते. ढगाळ दिवशी आपल्याच गल्लीचा स्टँडवरून फोटो काढायचा, तोच पहिली फ्रेम म्हणून द्यायचा आणि कॅमेरा हलवू नको असं सांगायचं. दुकानाची पाटी फ्रेममध्ये नको, मराठी अक्षरांची हमखास वाट लागते. तयार क्लिप हळू स्पीडने बघा: विजेच्या खांबाच्या दोन बाजूंना पाणी उलटसुलट दिशेने वाहतंय का, लाटा समुद्रासारख्या मोठ्या आहेत का, तारा मधेच गायब होतायत का? तिघांपैकी एक जरी दिसलं तरी टाकून द्या. आणि क्लिप सेकंदाला 24 फ्रेमची येणार असेल तर मोबाईलवर पण 24 लावूनच शूटिंग करा, 30 वर केलं तर जोडताना पाणी अडखळतं. एआयचं चित्र फार गुळगुळीत असतं, त्यामुळे शार्पनेस उतरवून ग्रेन दोन्हीकडे सारखंच टाकायला सांगा. शेवटी श्रेयनामावलीत हा शॉट एआयचा आहे असं लिहायचंच, खऱ्या पुराबद्दल आहे हे.

पण त्याआधी एक काम तुमचं. त्या ऑगस्टमध्ये तुम्ही किंवा शेजाऱ्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढलेच असणार. उभे, हललेले, पावसाचे थेंब पडलेले असले तरी चालतील. आजी नंतर कधीतरी मोबाईल हातात धरून तेच बघतेय असा शॉट घेतला तर पूर बनवायचीच गरज उरत नाही, गल्लीचा शॉटसुद्धा गळेल कदाचित. ज्यांचा व्हिडिओ आहे त्यांची परवानगी घ्या, त्यात लोकांचे चेहरे असतील तर त्यांनाही विचारा. तुमचा तेव्हाचा फोन कपाटात पडला असेल तर चार्जर शोधा आणि मुलाच्या हातात द्या.