संकल्पना चित्राला गुण देताना बाण वाचायचा कसा

प्रश्न: विज्ञानाच्या पेपरमध्ये संकल्पना चित्र काढायला दिलं होतं. आमच्याकडे किती संज्ञा आल्या ते मोजून गुण देतात. मला ते पटत नाही, पण जोडण्या तपासायच्या म्हटलं तर प्रत्येक तपासनीस वेगळे गुण देईल. काय करावं?

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. संज्ञांची यादी प्रश्नातच दिलेली असेल तर त्या मोजून फक्त मुलाने यादी नीट उतरवून घेतली का एवढंच कळतं. मीसुद्धा काही वर्षं तसेच गुण दिले आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गुण द्यायचे ते विधानाला. एक संज्ञा, बाण, बाणावरचे शब्द आणि दुसरी संज्ञा मिळून एक वाक्य होतं. ते मोठ्याने वाचायचं आणि खरं आहे का ते ठरवायचं. 1970च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी ही पद्धत रुजवली, तेव्हापासून बाणावरचे शब्द हाच तिचा गाभा आहे. ते शब्द नसतील तर उरतात त्या नुसत्या रेघा.

तपासनीस बदलला की गुण बदलतात, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे पेपर हातात घेण्याआधी अपेक्षित जोडण्यांची यादी करून ठेवणं. मॅक्लुअर, सोनाक आणि स्यूएन यांनी 1999 मध्ये गुण देण्याच्या सहा पद्धतींची तुलना केली. त्यात तज्ज्ञाचं नमुना चित्र समोर ठेवून एकेका जोडणीला 0 ते 3 गुण देण्याची पद्धत सर्वांत भरवशाची ठरली.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते. समजा आठ संज्ञा दिल्या आहेत: वनस्पती, प्रकाशसंश्लेषण, श्वसन, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, ग्लुकोज, ऊर्जा. माझ्या यादीत दहा जोडण्या येतात. वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात आणि दिवसरात्र श्वसनही करतात, या दोन. प्रकाशसंश्लेषणाला सूर्यप्रकाश लागतो, त्यात कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, ग्लुकोज तयार होतं, ऑक्सिजन बाहेर पडतो, या चार. श्वसनात ग्लुकोजचं विघटन होतं, ऑक्सिजन वापरला जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ऊर्जा मुक्त होते, या आणखी चार. प्रत्येकीला जास्तीत जास्त 3, म्हणजे एकूण 30. प्रश्न 5 गुणांचा असेल तर शेवटी 6 ने भागायचं.

शब्द आणि दिशा दोन्ही बरोबर असतील तर 3. शब्द बरोबर पण बाण उलटा असेल तर 2. संबंध खरा आहे, पण तो सांगणारे शब्द चुकले, तर 1. मूळ पद्धतीपासून मी एका ठिकाणी वेगळी जाते: बाणावर काहीच लिहिलं नसेल किंवा नुसतं ‘संबंध आहे’ लिहिलं असेल तर मी 0 देते. कारण साधं आहे. आठ संज्ञांच्या 28 जोड्या होतात. एखाद्याने त्या सगळ्या कोऱ्या रेघांनी जोडल्या तर अपेक्षित दहाही त्यात आपोआप येतात, आणि प्रत्येकीला 1 दिला तर काहीही न सांगता त्याला 30 पैकी 10 मिळतात. यादीबाहेरची जोडणी खरी असेल तर तिला 1 देते, पण असे गुण सगळे मिळून 3 च्या वर जाऊ देत नाही.

आता दोन उत्तरं बघा. पहिल्यात आठही संज्ञा आहेत. मधोमध वनस्पती आणि तिच्यापासून सात बाण निघालेत. प्रकाशसंश्लेषणाकडे ‘करतात’, 3 गुण. श्वसनाकडे ‘रात्री करतात’, इथे 1, कारण श्वसन चोवीस तास चालतं. सूर्यप्रकाश ‘लागतो’, कार्बन डायऑक्साइड ‘घेतात’, ऑक्सिजन ‘सोडतात’, ही विधानं खरी पण यादीबाहेरची, म्हणून मिळून 3. ग्लुकोज आणि ऊर्जा या दोन्हींकडे ‘असते’ एवढंच लिहिलंय, तिथे काही नाही. बेरीज 7.

दुसऱ्या चित्रात सहाच संज्ञा आहेत, सूर्यप्रकाश आणि ऊर्जा राहून गेल्या. बाण इथेही सातच. पण वनस्पतीपासून एकच बाण निघतो, तो प्रकाशसंश्लेषणाकडे. तिथून कार्बन डायऑक्साइड ‘वापरला जातो’, ऑक्सिजन ‘बाहेर पडतो’. श्वसनापासून ऑक्सिजन, ग्लुकोज आणि कार्बन डायऑक्साइड, तिन्हीकडचे शब्द बरोबर. सहा जोडण्यांचे 18. सातवा बाण ग्लुकोजपासून प्रकाशसंश्लेषणाकडे गेलाय, वर लिहिलंय ‘तयार करते’. शब्द बरोबर, दिशा उलटी, म्हणून 2. एकूण 20.

संज्ञा मोजल्या असत्या तर पहिला पुढे, आठ विरुद्ध सहा. बाण मोजले असते तर दोघे सारखे. विधानं वाचली तर 5 पैकी पहिल्याला साधारण 1 आणि दुसऱ्याला साधारण साडेतीन. ऑक्सिजन एका क्रियेतून बाहेर पडतो आणि दुसरीत वापरला जातो, हे दुसऱ्या मुलाला कळलंय. पहिल्याच्या चित्रात दोन्ही क्रिया एकमेकींना कुठेच भेटत नाहीत.

दिशेच्या बाबतीत मराठीत लिहिणाऱ्या मुलांवर नकळत अन्याय होऊ शकतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि अर्थ विभक्तीवर अवलंबून असतो. चौकटीत ‘श्वसन’ एवढंच असतं, ‘श्वसनाला’ नसतं. त्यामुळे ‘श्वसन’पासून ‘ऑक्सिजन’कडे बाण काढून ‘लागतो’ लिहिलं तर ‘श्वसनाला ऑक्सिजन लागतो’ असं वाचता येतं. बाण उलटा असला तरी ‘ऑक्सिजन श्वसनाला लागतो’ असं वाचता येतं. तथ्य तेच. अशा ठिकाणी मी दिशेसाठी गुण कापत नाही. कापते ते उलट्या वाचनात कार्यकारणच फिरतं तेव्हा, जसं वरच्या ग्लुकोजच्या बाणात. ‘ग्लुकोज प्रकाशसंश्लेषण तयार करते’ हे कोणतीही विभक्ती लावून सावरता येत नाही, कारण ‘तयार करते’चा कर्ता बाणाच्या शेपटाशी बसलाय. मुलांना आधीच सांगून ठेवा की बाणावर ‘-ला लागतो’, ‘-मधून बाहेर पडतो’ असं प्रत्ययासकट लिहा. तेवढ्याने निम्मे वाद मिटतात.

दोन तपासनीस असतील तर आधी दहा पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासा आणि बेरीज न बघता जोडणीवार ताडून बघा. बेरजा जुळतात आणि आतले गुण जुळत नाहीत, असं होतं. फरक बहुतेक वेळा एकाच जोडणीवर साचलेला दिसेल, आणि तिथे तुमची यादीच अपुरी असते. आम्ही हे केलं तेव्हा सगळे मतभेद ‘वनस्पती ऑक्सिजन सोडतात’ यावर होते. सहकाऱ्याचं म्हणणं, हे प्रकाशसंश्लेषण आणि ऑक्सिजन या जोडणीचंच सोपं रूप, तेव्हा 2 द्यावेत. मी 1 वर अडून होते, कारण क्रियेचं नाव मधून गाळलं की हा ऑक्सिजन कशातून आला ते मुलाला माहीत आहे का, हे चित्रावरून सांगता येत नाही. शेवटी 1 ठरला आणि यादीखाली तशी टीप लिहिली.