होम चालतो, हवन चालत नाही

प्रश्न : रूपाभवानीच्या रस्त्यावरच्या बॅनरवर 'नवरात्रमहोत्सव' असा जोडून लिहिलेला शब्द दिसला, घरी आल्यावर पोरांबरोबर त्यातून छोटे शब्द करायला बसलो. मी मोर, तवा, सत्र लिहिले तर पोरीने तिन्ही काटले, म्हणे ही अक्षरंच यात नाहीत. जोडाक्षर फोडायचं की नाही, काना-मात्रा हलवायची की नाही, नियम काय धरायचा? सोलापूर.

पोरगी बरोबर आहे. पण तुम्ही चूक आहात असंही नाही, तुम्ही दोघं वेगवेगळे खेळ खेळत होता एवढंच.

खेळाचं नाव 'अक्षरांपासून शब्द' असं असेल तर अक्षर म्हणजे काना, मात्रा, वेलांटीसकट जे एका दमात उच्चारतो ते अख्खं. या हिशेबाने तुमच्या शब्दात आठ पत्ते आहेत : न, व, रा, त्र, म, हो, त्स, व. यातला 'हो' हा 'हो'च राहणार, त्याचा ओकार काढून म ला लावून 'मो' करता येत नाही, म्हणून मोर गेला. तव्याचं तसंच, सुटा त नाही आणि वा पण नाही. सत्रातला त्र आहे पण स हा त्स च्या पोटात अडकलाय. याच नियमाने होम चालतो पण हवन चालत नाही, कारण ह एकटा कुठेच नाही, आणि इथेच घराघरात भांडणं लागतात कारण डोळ्याला तो ह स्पष्ट दिसत असतो की.

जोडाक्षरात अजून एक गंमत आहे. क्ष आणि ज्ञ आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात ळ नंतर येतात त्यामुळे ते फोडायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, आणि त्र मात्र मराठी तक्त्यात नसतो म्हणून लोक त्याचे लगेच त आणि र करतात. खेळापुरतं हे तिन्ही सारखेच, फोडायचे तर सगळे फोडा, नाहीतर एकही नको.

आता अख्ख्या अक्षरांनी किती शब्द होतात ते बघा, आणि अंदाजाने नका शोधू, त्यात हमखास सुटतात. व दोनदा आहे म्हणजे वेगळी अक्षरं सातच. एकेक अक्षर आधी धरायचं आणि त्याच्यापुढे बाकीची सहा लावून बघायची, सात सक बेचाळीस जोड्या आणि वर एक 'वव', झालं, यापलीकडे दोन अक्षरी शब्द असूच शकत नाही. न धरला की नव आणि नत्र. हा नत्र शहरातली पोरं सोडून देतात, शेतकऱ्याच्या घरातलं पोर पटकन लिहितं कारण खताच्या बाबतीत नत्र, स्फुरद, पालाश रोज कानावर पडतं. व धरला की वन, वत्स. रा वरून राव, रान, रात्र. म वरून मन. हो वरून होम, होन आणि होरा. होन म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेलं सोन्याचं नाणं, आणि होरा म्हणजे 'माझा होरा चुकला' म्हणतो ना तोच. त्र आणि त्स वरून काहीच नाही, ते कायम मागेच बसणार.

मग या जोड्यांच्या मागेपुढे तिसरं अक्षर लावायचं : नवम, वमन, नवरा. पुढे नवरात्र आणि महोत्सव हे तयार तुकडे आहेतच. काही लोक ते धरू देत नाहीत, शब्द आयता मिळाला म्हणतात, मला तो हट्ट वाटतो पण आधी ठरवून घेतलेलं बरं. आणि सगळ्यात भारी शब्द यातच लपलाय, वनमहोत्सव! १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केलेला झाडं लावायचा तोच वनमहोत्सव. त्याला दोन व लागतात आणि आपल्याकडे बरोबर दोनच आहेत, वर उरतात रा आणि त्र म्हणजे रात्र. आठही अक्षरं संपली, एकही वाया नाही.

यात फसण्याच्या जागा दोन. एक म्हणजे रावण. आपल्याकडे बोलताना पाणीचं पानी होतं त्यामुळे पोरं बिनधास्त रावन लिहून मोकळी होतात, पण ण नाही तर रावण नाही, मन चालतं, मण चालत नाही. (तसंही विशेषनामं नकोतच, म्हणून रामही सोडलाय, नाहीतर प्रत्येकजण स्वतःच्या काकाचं नाव आणतो.) दुसरी जागा म्हणजे नरा आणि मरा. नरा हे नर चं सामान्यरूप आहे, मरा हे मरणे चं आज्ञार्थी रूप, शब्दकोशात नर आणि मरणे सापडतील, ही रूपं शीर्षकाला सापडणार नाहीत. ती धरायची ठरवली तर खेळ व्याकरणाच्या पेपरसारखा लांबतो, मी धरत नाही. अक्षर मात्र प्रत्येक शब्दाला नव्याने वापरता येतं, रान मध्ये रा गेला म्हणून राव अडत नाही. एकदाच आलेलं अक्षर एकाच शब्दात दोनदा नको एवढंच, म्हणून मनन बाद.

आता तुमचा खेळ. तो वर्णांचा आहे, म्हणजे रा चे र् आणि आ वेगळे, त्स चे त् आणि स् वेगळे. यात मोर, तवा, सत्र तिन्ही पास, शिवाय हवन, वानर, मत्सर, सावत्र, मनोहर, सोमवार, सगळं निघतं. पण हिशेब कडक ठेवायला लागतो : आ एकच आहे, ओ एकच आहे, ते संपले की संपले. सोमवार मध्ये दोन्ही गेले. न, व, म मध्ये लपलेला अ पण सुटा होतो बरं का, म्हणून या खेळात अहोरात्र जमतो, पोरीच्या खेळात तो एका अ साठी अडतो. मात्रा कुठलीही कितीही लावा असं कोणी म्हणालं तर मात्र उठून जावं, मग विहीर, नवरी, सुतार काहीही निघतं आणि मूळ शब्दाचा संबंधच राहत नाही.

माझं मत विचाराल तर लहान पोरांबरोबर अख्ख्या अक्षरांचाच खेळ बरा, तपासायला सोपा, वाद कमी. फक्त शब्द निवडताना बघा. आपण सोलापूरकर पहिला शब्द घेणार सिद्धेश्वर, आणि त्यात सि, द्धे, श्व, र, चार अक्षरं, एकही शब्द होत नाही. नंदीध्वज घेतला तर नंदी आणि ध्वज, संपलं. लांबी बघून फसू नका, बिनमात्रेची साधी अक्षरं किती आहेत ते बघा आणि सोबत एखादं काना असलेलं असू द्या. उद्या सहकारनगर देऊन बघा पोरीला, सर, रस, गर, रग, कान, नगर, सहन, गहन, नकार एवढं तर ती चहा होईपर्यंत काढेल, कानस काढते का बघा, घरात सुतारकाम कोणी करत असेल तर काढेल.